प्रीमियमच्या कोटेशनमध्ये कंस कुठे बंद होतो

आरोग्य विम्याचं कोटेशन हातात आलं की बहुतेक लोक आधी शेवटचा आकडा बघतात आणि मग वरच्या ओळी. त्या वरच्या ओळींत साधारण चार गोष्टी असतात: मूळ प्रीमियम, लोडिंग म्हणजे वयामुळे किंवा आजारामुळे वरून चढणारी जादा रक्कम, कुटुंबाची सवलत आणि कर. 'या चारांचा क्रम चुकला की हिशेब चुकतो' असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. क्रम उलटा असूनही बरोबर उत्तर देणारी कोटेशनं असतात, आणि वरून खाली अगदी शिस्तीत लिहिलेलं कोटेशन हजारो रुपयांनी चुकलेलं असू शकतं. म्हणून कोणता क्रम खरोखर महत्त्वाचा आहे ते आधी नीट पाहू.

एकाच माणसाचा हिशेब घ्या. मूळ प्रीमियम २८,००० रुपये, लोडिंग २० टक्के, सवलत १० टक्के, जीएसटी १८ टक्के. नेहमीच्या क्रमाने गेलो तर २८,००० चे लोडिंगसह ३३,६०० होतात, सवलत वजा जाऊन ३०,२४० उरतात आणि कर धरून ३५,६८३ रुपये २० पैसे. आता उलटे जाऊ. आधी कर लावला तर ३३,०४०, मग सवलत काढली तर २९,७३६, आणि शेवटी लोडिंग चढवलं तर पुन्हा ३५,६८३ रुपये २० पैसेच. प्रत्येक टक्केवारी म्हणजे एक गुणाकार, आणि गुणाकारात कोण आधी, कोण नंतर याने उत्तर बदलत नाही. हे चौथीत शिकलेलं असतं, पण कोटेशनवर कंपनीचा लोगो छापलेला दिसला की विसरायला होतं.

घोटाळा सुरू होतो तो मधे बेरीज-वजाबाकी आली की. लोडिंग एकट्या आईवर आहे, पण ते चौघांची बेरीज झाल्यावर लावलं. सवलत टक्क्यांत न धरता रुपयांत काढली आणि कर लावून झाल्यावर वजा केली. अशा जागी क्रम बदलला की टक्केवारी वेगळ्याच रकमेवर बसते. त्यामुळे तपासताना 'आधी काय, नंतर काय' यापेक्षा 'हे टक्के नेमके कशाचे' हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारायचा.

एक खरं कोटेशन घेऊन बघू. आकडे मी हिशेबाला सोपे पडतील असे गोल केले आहेत, चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. माझी वहिनी ठाण्यातल्या एका नोकरदारांच्या पतसंस्थेची सभासद आहे. संस्थेने सभासदांसाठी आरोग्य विम्याची ग्रुप पॉलिसी घेतली होती, आणि कुटुंबीयांना त्यात घ्यायचं तर ज्याने त्याने स्वतःचा प्रीमियम भरायचा होता. प्रत्येकाला स्वतंत्र पाच लाखांचं संरक्षण. दादा ४८ वर्षांचा, वहिनी ४५, पुतणी १९ आणि आई ६९. घरात विम्याचं काम केलेला मीच, म्हणून कागद माझ्याकडे आला. त्यावर एवढंच होतं:

एकूण मूळ प्रीमियम: ६०,०००
वय लोडिंग २०%: १२,०००
जीएसटी १८%: १२,९६०
एकूण: ८४,९६०
फॅमिली डिस्काउंट १०%: वजा ६,०००
भरायची रक्कम: ७८,९६०

वहिनीने फोनवर सांगितलं, "भाऊजी, मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, बरोबर येतंय." आणि ते खरंच होतं. साठ हजारांचे वीस टक्के बारा हजारच होतात. प्रत्येक ओळीचं गणित अचूक होतं. चूक होती ती ओळ कोणत्या रकमेवर उभी आहे यात, आणि ती कॅल्क्युलेटर दाखवत नाही.

पहिली गोष्ट मागायची ती माणशी फोड. साठ हजारांत कुणाचे किती? ही फोड आली ती अशी: दादाचे १४,०००, वहिनीचे १२,०००, पुतणीचे ६,००० आणि आईचे २८,०००. योजनेच्या अटींत लिहिलं होतं की पहिल्यांदा विमा घेताना ज्या व्यक्तीचं वय ६५ च्या वर आहे, तिच्या प्रीमियमवर २० टक्के लोडिंग. म्हणजे फक्त आई. तिच्या २८,००० चे २० टक्के ५,६०० रुपये होतात. कोटेशनमध्ये मात्र १२,००० होते, कारण एक्सेलच्या शीटमध्ये आधी चौघांची बेरीज झाली आणि मग त्या बेरजेवर लोडिंग चढलं. एकोणीस वर्षांच्या मुलीलाही म्हातारपणाचं लोडिंग लागलं होतं.

ही चूक ओळखायला संपूर्ण हिशेब मांडावा लागत नाही. लोडिंगची रक्कम ज्या माणसामुळे लोडिंग आलं त्याच्या मूळ प्रीमियमने भागा. इथे १२,००० भागिले २८,००० म्हणजे जवळपास ४३ टक्के. अटीत २० लिहिलेत आणि हिशेबात ४३ पडतात, तर लोडिंग इतरांवरही सांडलंय हे तिथेच कळतं. कोटेशनमधल्या दोन चुकांत हीच जास्त महाग होती. लोडिंग जागेवर आणल्यावर मूळ रक्कम ६०,००० अधिक ५,६०० म्हणजे ६५,६०० झाली, त्यावर कर ११,८०८, आणि सवलतीचे ६,००० वजा जाऊन ७१,४०८. सात हजार पाचशे बावन्न रुपये एका फटक्यात कमी झाले.

इथे थोडं थांबून लोडिंगबद्दलच बोलायला हवं, कारण 'वय लोडिंग' ही ओळ दिसली की मला मुळातच शंका येते. बहुतेक आरोग्य योजनांत वय हे प्रीमियमच्या तक्त्यातच धरलेलं असतं. ६६ ते ७० या गटाचा दर ४६ ते ५० च्या गटापेक्षा जास्त असतो तो वयामुळेच. त्यावर लोडिंग येतं ते सहसा प्रकृतीमुळे, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, वजन अशा कारणांनी, आणि तेही कंपनीने प्रस्ताव आणि तपासण्या बघितल्यानंतर. ते लावण्याआधी कंपनीने तुम्हाला कळवून तुमची संमती घ्यायची असते. म्हणून तक्त्यातला दर वयाचाच असताना वरून वेगळं वय लोडिंग दिसलं, तर ते योजनेच्या कोणत्या कलमाने लागलं हे लेखी विचारा. आमच्या बाबतीत कलम होतं. नसतं, तर एकाच वयाचे पैसे दोनदा जात होते.

फ्लोटर पॉलिसीत हे थोडं वेगळं असतं. तिथे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असते, आणि अनेक योजनांत दर ठरतो तो घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीच्या वयावरून. माणशी फोडच नसेल, तर एकाच्या मधुमेहाचं लोडिंग कितीवर लावायचं हे योजनेच्या नियमावरच अवलंबून राहतं. तिथे वरचा भागाकाराचा उपाय चालणार नाही; नियम मागून घ्यावा लागेल.

आता दुसरी चूक, कराची. कोटेशनमध्ये कर ७२,००० वर, म्हणजे सवलत वजा व्हायच्या आधी लावलेला होता, आणि सवलत नंतर वजा केली होती. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १५ नुसार कर लागतो तो व्यवहाराच्या प्रत्यक्ष मूल्यावर, आणि विक्रीच्या वेळीच देऊन बिलात दाखवलेली सवलत त्या मूल्यातून वगळायची असते. तुम्हाला जी रक्कम माफ झाली, तिच्यावर कर भरायचं कारण नाही. सवलत ६,००० ची, तिच्यावरचा १८ टक्के कर १,०८० रुपये. ती करापूर्वी वजा केली की ५९,६०० उरतात, कर १०,७२८ होतो आणि बेरीज ७०,३२८.

ही चूक पकडायची सोपी खूण आहे. भरायच्या रकमेतून कर वजा करा, आणि जे उरेल त्याने कराला भागा. उत्तर कराच्या दराइतकंच यायला हवं. मूळ कोटेशनमध्ये ७८,९६० वजा १२,९६० म्हणजे ६६,०००, आणि १२,९६० भागिले ६६,००० म्हणजे १९.६ टक्के. अठराच्या जागी जास्त काही आलं, की कर कुठल्यातरी सवलतीवरही बसला आहे असं समजा. त्यासाठी योजनेचे कागदही लागत नाहीत, फक्त दोन आकडे पुरतात. बिलात ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी अशा दोन ओळी दिसल्या तर दचकू नका. ते दोन मिळूनच अठरा आहेत.

पण मुळात कराची ओळ असायला हवी का, हेही आज विचारावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या प्रीमियमवर जीएसटी नाही. एकट्याची पॉलिसी, फॅमिली फ्लोटर, ज्येष्ठ नागरिकांची पॉलिसी, सगळ्या त्यात आल्या. ग्रुप पॉलिसीवर मात्र १८ टक्के कायम आहे. वहिनीची पॉलिसी पतसंस्थेमार्फत ग्रुपची होती म्हणून कर बरोबर होता. तुम्ही घोडबंदरला किंवा नेरूळला घरी बसून थेट कंपनीकडून स्वतःची पॉलिसी घेताय आणि एजंटच्या कोटेशनमध्ये १८ टक्के दिसताहेत, तर त्याची शीट जुनी आहे. कर कुठल्या क्रमाने लावला हे तिथे बघायची गरजच नाही, ती ओळ काढायला सांगा. बँकेने किंवा एखाद्या ॲपने विकलेली पॉलिसी वैयक्तिक वाटते पण कागदावर ग्रुपची निघते, असंही होतं. कागदावर 'मास्टर पॉलिसी' आणि 'सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स' हे शब्द असले, तर ती ग्रुपची.

तिसरी बाब सवलतीची, आणि इथे मत नव्हे तर कागद निकाल देतो. कुटुंबाची १० टक्के सवलत फक्त मूळ प्रीमियमवर द्यायची की लोडिंग धरून झालेल्या रकमेवर? मूळवर दिली तर ६,०००. लोडिंगसह ६५,६०० वर दिली तर ६,५६०, आणि मग निव्वळ प्रीमियम ५९,०४०, कर धरून ६९,६६७ रुपये. दोन्ही पद्धती बाजारात आहेत. फरक ५६० रुपयांचा, करासह ६६० रुपये ८० पैसे. यातली एक पद्धत न्याय्य आणि दुसरी अन्याय्य असं काही नाही. योजना विमा नियामक इर्डाईच्या नियमांप्रमाणे ज्या शब्दांत मांडली आहे तशीच ती चालवायला हवी, एवढंच.

ते शब्द सापडतात प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे योजनेच्या माहितीपत्रकात. वैयक्तिक योजनांच्या प्रॉस्पेक्टसमध्ये एक उदाहरणाचा तक्ता असतो, ज्यात त्याच कुटुंबाने वेगवेगळ्या पॉलिसी घेतल्या तर किती, एका पॉलिसीत स्वतंत्र विमा रकमा घेतल्या तर सवलतीनंतर किती, आणि फ्लोटर घेतला तर किती हे शेजारी शेजारी दाखवलेलं असतं. तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे दर लोडिंग न धरता आणि कर वगळून आहेत. फार कमी लोक तो तक्ता उघडतात. तुमच्या कोटेशनची सवलतीपर्यंतची बाजू त्याच्याशी जुळवून बघायला त्याच्याइतका चांगला कागद नाही. ग्रुप पॉलिसीत प्रॉस्पेक्टसऐवजी मास्टर पॉलिसीच्या अटी बघाव्या लागतात, आणि त्या पतसंस्थेकडे असतात. आमच्या योजनेत 'मूळ प्रीमियमवर' असे स्पष्ट शब्द निघाले. म्हणजे बरोबर आकडा ७०,३२८. आठ हजार सहाशे बत्तीस रुपयांचा फरक.

दोन सूत्रं शेजारी ठेवली की सगळं प्रकरण कंसात दिसतं. कोटेशनची शीट असं करत होती:

```
=(14000+12000+6000+28000)*1.2*1.18-6000
```

आणि योजनेच्या अटींप्रमाणे हवं होतं हे:

```
=((14000+12000+6000+28000)*0.9 + 28000*0.2)*1.18
```

पहिल्यात 1.2 कंसाच्या बाहेर आहे, म्हणून ते चौघांवर पडतं. आणि सहा हजार सगळ्यात शेवटी आहेत, म्हणून त्यांच्यावर कर लागून गेला आहे. दुसऱ्यात लोडिंग आईच्या आकड्याला चिकटलेलं आहे आणि कराचा कंस सगळ्यांना पोटात घेतो. सवलत लोडिंगसह रकमेवर असती, तर 0.9 बाहेरच्या कंसावर गेलं असतं. तुमच्या घरचे आकडे घालून हे सूत्र मोबाइलवरच्या कुठल्याही शीटमध्ये चालेल. रुपया-दोन रुपयांचा फरक आला तर तो पूर्णांकात आणण्याचा असतो, कुणी माणशी पूर्णांक करतं, कुणी शेवटी एकदाच. त्यावर भांडू नका.

दोन सवलती असल्या तर आणखी एक बघा. कुटुंबाची १० टक्के आणि सभासदत्वाची ५ टक्के मिळून १५ होतील का? बेरीज करायची असेल तर १५, एकावर एक लावायच्या असतील तर साडेचौदा. हाही अटींचाच प्रश्न. आणि कर लावून झाल्यावर शेवटी 'स्पेशल डिस्काउंट' म्हणून गोल रक्कम वजा दिसली, तर सावध व्हा. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे एजंटला आपल्या कमिशनमधून ग्राहकाला सूट देता येत नाही. कंपनीच्या मान्य योजनेत जी सवलत आहे, ती करापूर्वी आणि नावानिशी दिसते.

मूळ प्रीमियमचा आकडा मी इथे बरोबर धरून चाललो, पण तोही दोन कारणांनी हलतो. एक म्हणजे वय: बहुतेक योजनांत पॉलिसी सुरू होण्याच्या दिवशी पूर्ण झालेलं वय धरतात. कोटेशन आणि पैसे भरणं यांच्या मधे वाढदिवस आला आणि वयाचा गट बदलला, तर वाढलेला आकडा चूक नसतो. दुसरं म्हणजे पिन कोड. शहरांप्रमाणे झोन करणाऱ्या योजनांत ठाणे आणि नवी मुंबई सहसा मुंबईबरोबर सर्वांत महाग झोनमध्ये असतात. गावाकडचा साताऱ्याचा पत्ता टाकून प्रीमियम कमी करून देतो म्हणणारा कुणीतरी भेटतोच. काही योजनांत स्वस्त झोनच्या पॉलिसीवर महाग झोनमधल्या रुग्णालयात उपचार घेतले की बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतः भरावा लागतो. राहायला कोपरी किंवा कळव्याला, तर पत्ता तिथलाच असू द्या.

चूक सापडल्यावर काय लिहायचं? 'तुमचा हिशेब चुकलाय' एवढं लिहिलं तर 'सिस्टिममधूनच आलाय' असं उत्तर येतं. त्याऐवजी चार गोष्टी मागा: माणशी मूळ प्रीमियम, लोडिंग कोणावर आणि कोणत्या कलमाने, सवलत कोणत्या रकमेवर, आणि कर ज्या रकमेवर लावला ती रक्कम. वहिनीने एवढंच ईमेलवर विचारलं. पतसंस्थेच्या सल्लागाराने फोडीचे आकडे भरायला घेतले आणि लोडिंगच्या ओळीत त्याला स्वतःलाच ५,६०० लिहावे लागले. नवं कोटेशन ७०,३२८ चं आलं. शीट सगळ्या सभासदांसाठी एकच होती, त्यामुळे ज्यांनी कुटुंबीयांना त्यात घेतलं होतं त्या सर्वांचे हिशेब पुन्हा करावे लागले.

पैसे भरून झाले असतील, तरी वाट बंद नाही. वैयक्तिक पॉलिसी असेल तर हातात आल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक काळ असतो. त्यात कंपनीने दुरुस्ती केली नाही तर पॉलिसी परत करता येते, फक्त मधल्या दिवसांच्या जोखमीचे आणि वैद्यकीय तपासणीचे वगैरे पैसे कापले जातात. जुनी पॉलिसी सोडून नवी घेतली असेल, तर परत करण्याआधी दहादा विचार करा, कारण मधे खंड पडला की जुन्या आजारांना संरक्षण मिळण्याआधीची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. परत करण्यापेक्षा जादा घेतलेली रक्कम मागणं बरं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तिथे दाद लागली नाही तर इर्डाईच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. प्रीमियमबद्दलचा वाद विमा लोकपालाकडेही नेता येतो, मात्र कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना थांबल्यानंतर किंवा तिचा नकार आल्यानंतर.

नूतनीकरणाच्या वेळी लोडिंगची ओळ पुन्हा एकदा वाचा. आईचं लोडिंग 'पहिल्यांदा विमा घेताना' या शब्दांवर लागलं होतं. ते त्या एका वर्षापुरतं की पॉलिसी चालेल तोवर, हे कलमात स्पष्ट नव्हतं, म्हणून वहिनीने पतसंस्थेकडून त्याचं लेखी उत्तर घेऊन सर्टिफिकेटला जोडून ठेवलं आहे. आणि वैयक्तिक पॉलिसीत गेल्या वर्षी दावा केला म्हणून यंदा तुमच्या एकट्याच्या प्रीमियमवर लोडिंग चढवलं असेल, तर त्याचा हिशेब तपासत बसू नका. दाव्याच्या कारणाने असं लोडिंग लावायला परवानगीच नाही, ते पूर्ण काढायला सांगा.